हेमराजच्या सोळा मात्रा

वरोऱ्याच्या बाजार समितीत हेमराज ढवस मापारी होता. काट्यावर पोतं चढलं की आकडा बोलायचा आणि उतरलं की पुढच्याला हाक द्यायची, हे त्याचं तेवीस-चोवीस वर्षांचं काम. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि काटे विजेवर चालायला लागले तरी त्याने ते सोडलं नाही. त्याच्या मापावर शेतकऱ्यांचा भरवसा होता आणि व्यापाऱ्यांचाही. हेमराज आकडा बोलला की कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

त्यामुळे एक गोष्ट त्याच्या अंगात भिनली होती. माप बरोबर, तर व्यवहार बरोबर.

संध्याकाळी सायकल काढून तो आपल्या गावी, चिंचघाटला यायचा. तिथे मारुतीच्या देवळात भजन मंडळ बसायचं. हेमराजचा आवाज फाटका होता. बाजारात हाका मारून मारून त्याचा घसा असा झाला होता की त्याने वरचा सूर लावला तर देवळाबाहेरचं कुत्रं उठून जायचं. मंडळाने त्याला टाळ दिले होते आणि मोठ्याने गाऊ नको एवढंच प्रेमाने सांगितलं होतं. पण शब्दांचा त्याला नाद होता. शेतात जाता जाता, पोती मोजता मोजता तो ओळी जुळवायचा. आणि त्याच्या मनात एक हौस होती, जी त्याने फक्त बायकोला, रंभाला सांगितली होती. जुन्या संतांच्या अभंगात शेवटच्या चरणात त्यांचं नाव येतं ना, तसं एका तरी भजनात आपलं नाव यावं. आपण गेल्यावरही कोणी तरी खंजेरी वाजवत म्हणावं, 'म्हणे हेमराज'.

"मंग लिहा ना," रंभा म्हणाली होती. "कोणी हात धरला का तुमचा?"

संधी चालून आली ती चैत्रात. शेजारच्या मोहबोडीला मारुतीची जत्रा भरते. यंदा जत्रेत दोन दिवसांची भजन स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक मंडळाने दोन्ही दिवस एकेकदा गायचं. अट एकच होती, चाल जुनी असावी, सगळ्यांच्या ओळखीची, पण शब्द मंडळाच्या माणसाचेच असावेत.

चिंचघाटच्या मंडळाची मदार दोन माणसांवर होती. एक बापूराव, सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. आवाज मात्र भरल्या रांजणासारखा. दुसरा गुलाब कोडापे. तो माजरीला कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी खंजेरी वाजवायचा. त्याच्या बोटांची थाप पडली की बसलेल्या माणसाचा गुडघा आपोआप हलायचा.

चाल कोणती घ्यायची याची चर्चाच झाली नाही. गावात बारसं असो की दहावा, एक भजन सगळ्यांच्या तोंडी होतं.

तुझ्या घरी मी कधी न आलो,
तरी कसा तू इथेच आला.

कोणी रचलं कोणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या कडव्यात नाव होतं की नव्हतं तेही लोक विसरले होते. पण चाल अशी की लहान पोरंही म्हशीमागे जाताना गुणगुणायची.

हेमराजने ती चाल मापायला घेतली. शाळेत असताना मराठीच्या गुरुजींनी मात्रा शिकवल्या होत्या, त्या त्याला पक्क्या आठवत होत्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. पोतं लहान तर एक, मोठं तर दोन. 'तुझ्या घरी मी', आठ झाल्या. 'कधी न आलो', आणखी आठ. एका ओळीच्या सोळा. खंजेरीचा ठेकाही आठाचाच, म्हणजे एका ओळीत ठेका दोनदा फिरायचा.

"सोपं आहे गा," तो स्वतःशीच म्हणाला. सोळा मात्रांची ओळ करायची आणि चालीत घालायची.

आठ दिवस तो बोटं मुडपत मात्रा मोजत राहिला. बाजारात एका शेतकऱ्याने विचारलं, "हेमराजभाऊ, किती भरलं?" तर हा म्हणाला, "सोळा." आणि पोतं चांगलं साठ किलोचं होतं.

भजन तयार झालं. पहिली ओळ अशी होती:

मनीचे विकार सोडा जरा.

मधल्या कडव्यात देवाकडे मागणं होतं:

दुजे न मागू, देवा दे बळ.

आणि शेवटी, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते:

म्हणे हेमराज सुखात रहा.

प्रत्येक ओळ त्याने तीन-तीनदा मोजली. सोळा म्हणजे सोळा. एक मात्रा इकडे नाही, एक तिकडे नाही.

तालीम एकच मिळाली. बापूरावांचा घसा धरला होता म्हणून त्यांनी शब्द नुसते पुटपुटत म्हटले. बाकीच्यांनी मान डोलावली. गुलाबने मात्र खंजेरी मधेच थांबवली.

"हेमराजभाऊ, थाप अडून राह्यली गा."

"कुठी अडली?"

"ते नाई सांगता येत मले. पण पहिल्या ओळीत अर्ध्यात आलं की हात अडखळते. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आन् पायरीच नसावी, तसं होते."

"मोजून पाहा. सोळा आहे का नाई?"

गुलाबने बोटांवर मोजलं. "सोळा तं आहे."

"मंग? माप बरोबर आहे न. सवय नाई म्हणून अडते. उद्या बसते."

गुलाबने पुन्हा ठेका धरला. बाजार समितीच्या मापाऱ्याशी मापावरून कोण वाद घालणार?

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी मोहबोडीला मांडव गच्च भरला होता. ऊन चढत होतं. मांडवाच्या तोंडाशीच चैतूची गाडी लागली होती. चैतू जत्रा-जत्रांतून लिंबूसोडा विकायचा. बाटली उघडताना फस्सकन आवाज काढायचा आणि वर स्वतः तोंडानेही तसाच आवाज काढायचा. भजन चालू असताना ओरडायचं नाही अशी तंबी त्याला कार्यक्रमवाल्यांनी देऊन ठेवली होती, म्हणून तो बिचारा बाटल्या पुसत गप्प उभा होता.

चिंचघाटचं मंडळ चढलं. बापूरावांचा घसा आता मोकळा झाला होता. गुलाबने ठेका धरला, आणि ती चाल ऐकताच अख्ख्या मांडवात ओळखीचं हसू पसरलं. लोक आधीच डोलायला लागले. हेमराज टाळ हातात घेऊन कोपऱ्यात बसला होता.

बापूरावांनी सूर लावला.

"मनीचे विकाऽऽ..."

आणि थांबले. थांबणारच. चालीत आठव्या मात्रेवर सूर लांबवायचा आणि तिथेच दम घ्यायचा, हे चाळीस वर्षांचं वळण. 'तुझ्या घरी मीऽऽ' म्हणून जिथे थांबायचे तिथेच ते थांबले. मग गुलाबची जोरदार थाप पडली आणि त्या थापेवर उरलेलं आलं,

"र सोडा जराऽऽ!"

थापेचा जोर 'र'वर पडला, त्याचा 'रे' झाला. मांडवाने ऐकलं ते असं: 'मनीचे, विका! रे, सोडा जरा!'

मागच्यांनी झेल धरला, म्हणजे तीच ओळ पुन्हा उचलली, त्यांनी तर आणखी जोराने म्हटलं. विका! रे, सोडा जरा!

पुढच्या रांगेतल्या दोन बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक पोरगं म्हणालं, "अबे, सोडा विकाले सांगून राह्यले." सगळ्या माना मांडवाच्या तोंडाकडे वळल्या. तिथे चैतू बाटली हातात धरून उभा होता. त्याला वाटलं देवानेच हुकूम केला. त्याने बाटली उघडली. फस्स!

हसू उसळलं. बापूरावांना काय झालं ते कळेना, पण जाणता गडी, गाणं सोडलं नाही. ते कडव्यावर गेले. डोळे मिटले, हात वर केला आणि अगदी कळवळून म्हणाले,

"दुजे न मागू, देवा दे बाऽऽळ!"

लिहिलेलं 'बळ' होतं. पण ओळीच्या शेवटी चालीत सूर लांबवायचा असतो, आणि 'ब' किती लांबवणार? लांबवला की तो 'बा' होतो. झेलकऱ्यांनीही कळवळूनच मागितलं. देवा दे बाळ! देवा दे बाळ!

सत्तरी ओलांडलेल्या विधुर माणसाने भर मांडवात हात वर करून बाळ मागितल्यावर मोहबोडीची जनता सावरणार कशी? बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एक म्हातारा काठीवर डोकं टेकवून हलत होता. परीक्षकांपैकी एकाने चष्मा काढून डोळे पुसले. शेवटी नावाची ओळ आली तेव्हा 'म्हणे हेमराऽऽ' झालं, दम घेतला, आणि 'ज सुखात रहा' कुठेतरी हशात वाहून गेलं. हौसेने घातलेलं नाव मधोमध दुभंगलं आणि ते कोणाला ऐकूही आलं नाही.

हेमराज टाळ खाली ठेवून मांडवामागच्या बाजूने उतरला आणि थेट सायकलकडे गेला. तिकडे चैतूच्या गाडीवर गर्दी लोटली होती. त्याने हेमराजला पाहिलं आणि धावत आला.

"भाऊ, ते गाणं तुमीच लिहलं न? उद्या पण तेच म्हणा बरं का! हे घ्या, तुमच्याकडून काही नाई घेत." त्याने थंड बाटली हातात कोंबली.

हेमराजने ती न पिताच परत दिली आणि सायकलवर टांग मारली.

घरी ओसरीवर रंभा चिंचा फोडत बसली होती. पाटावर चिंच ठेवायची, दगडाने ठोकायची, चिंचोका बाजूला काढायचा. चैत्रातलं तिचं रोजचं काम. हेमराजचं तोंड बघूनच तिला कळलं की काही तरी झालं. त्याने सांगितलं, तुटक तुटक. सोड्यापर्यंत तिने ओठ दाबून ऐकलं. बाळापर्यंत आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. दगड बाजूला ठेवून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हास, तूही हास."

"बापूरावभाऊनं मागतलं? बाळ?" ती पुन्हा हसली. मग त्याच्याकडे पाहून थांबली. "असं काऊन करता? कोणी वाईट हासलं का? लोक खूश झाले."

"मंडळाचं नाव गेलं न. मी मोजलं होतं रंभे. तीन डाव मोजलं. एकही मात्रा कमी नाई, जास्त नाई. मंग तुटलं काऊन?"

रंभाला मात्रांचं काही कळत नव्हतं. ती पुन्हा चिंचा ठोकायला लागली. ठक. ठक. हाताला लय लागली होती, एक ठोका जोरात आणि एक हलका. हेमराज खांबाला टेकून बसला होता. काही वेळाने, काही न ठरवता, तो तिच्या ठोक्यावर जुनं भजन पुटपुटायला लागला. गाणं नव्हे, नुसतं बोलणं. तुझ्या घरी मी. जोराचा ठोका. कधी न आलो. जोराचा ठोका.

तो सरळ बसला.

"थांबू नको, ठोकत राह्य."

"मी कुठी थांबली?"

जोराचा ठोका पडला की नवा शब्द सुरू होत होता. प्रत्येक वेळी. 'कधी'च्या 'क'वर, 'तरी'च्या 'त'वर, 'इथेच'च्या 'इ'वर. एकही शब्द ठोक्याखाली सापडत नव्हता. मधला हलका ठोकाही 'घरी'च्या 'री'वर, 'आलो'च्या 'आ'वर पडत होता. बोलताना जीभ जिथे टेकते तिथेच.

मग त्याने आपली ओळ त्याच ठोक्यावर बोलून पाहिली. मनीचे विका... ठक! दगड 'विकार'च्या पोटात पडला. का आणि र यांच्या मधोमध. अगदी चिंच फुटावी तसा शब्द फुटला.

"अरे माझ्या देवा," हेमराज म्हणाला.

बाजारात दोन शेतकऱ्यांचा माल शेजारी शेजारी पडलेला असतो. एकूण सोळा पोती बरोबर भरली, पण एकाचं अर्धं पोतं दुसऱ्याच्या ढिगात गेलं, तर ते माप बरोबर म्हणायचं का? त्याने एकूण मोजलं होतं. शब्द कुठे संपतो ते पाहिलंच नव्हतं. त्याला आणि मंडळाला शब्द आधीच माहीत होते, म्हणून तुटलेला शब्दही त्यांना अख्खाच ऐकू येत होता. मोहबोडीच्या लोकांना तो पहिल्यांदा ऐकायचा होता. त्यांनी जो ऐकला तोच खरा.

आणि गुलाबने सांगितलं होतं. पायरी नसते असं वाटते म्हणाला होता.

त्या दिवशी दुपारी रंभाची सगळी चिंच फोडून झाली तरी हेमराजने तिला उठू दिलं नाही. शेवटी ती रिकाम्या पाटावरच दगड ठोकत बसली. "माह्या हाताले फोड येईल," म्हणत होती, पण तिलाही गंमत वाटायला लागली होती. तो ओळ बोलायचा आणि ती मान हलवायची. जिथे जीभ अडली तिथे ती "ऊंहूं" करायची. त्याने सगळी ओळ आधी गप्पा मारल्यासारखी म्हणून बघायची आणि मगच मोजायची असं ठरवलं. विकाराला त्याने ठोक्याच्या पलीकडे नेलं.

मनातले हे विकार सोडा.

"मनातले हे," ठक, "विकार सोडा." विकार अख्खाच्या अख्खा उतरला. सोडाही त्याच्या जागी बसला, सोडायचाच, विकायचा नाही. आधीच्या सोळा मात्रा आणि या सोळा, मापात फरक काहीच नाही. पण ही ओळ सरळ चालत होती.

बळाचं कोडं वेगळं होतं. तिथे शब्द तुटत नव्हता, ताणला जात होता. चालीत जिथे सूर लांबतो तिथे मुळातच लांब अक्षर पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आलं. 'मी', 'लो', 'तू', 'ला'. जुन्या भजनात अशा जागी एकही ऱ्हस्व अक्षर नव्हतं. घराचा 'घ' ताणला तर घार होते, बळाचा 'ब' ताणला तर बाळ. मग बळ शेवटी ठेवायचंच कशाला?

दुजे न मागू, बळाविना रे.

"हां," रंभा म्हणाली, "आता बापूरावभाऊचं वय पाहून मागतलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो देवळात गेला. बापूराव झाडून घेत होते. कालच्या प्रकाराचा त्यांना राग आला असेल असं हेमराजला वाटलं होतं, म्हणून तो दारातच घुटमळला.

"ये गा," बापूराव म्हणाले. "माह्या लेकीचा फोन आला होता नागपूरवरून. तिले कोणी तरी सांगतलं. म्हणते, बाबा, काय मागून राह्यले तुमी या वयात!" आणि ते स्वतःच मिशीतल्या मिशीत हसले.

गुलाब खाणीतून रात्रपाळी करून परस्पर आला होता, डोळे तांबारलेले. हेमराजने नव्या ओळी सांगितल्या. खंजेरी सुरू झाली. पहिल्या ओळीच्या अर्ध्यात गुलाबची थाप पडली आणि त्याचा चेहरा खुलला.

"आता पायरी आहे," तो म्हणाला.

दया आणि उजेडाचं एक कडवंही नवं झालं होतं:

जरा घरी या, उजेड आणा,
मनात थोडी दया असू द्या.

बापूरावांनी ते एकदाच म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. सगळं बसलं. राहिली ती शेवटची ओळ.

'सुखात रहा' ऐवजी 'सुखात राहा' केलं की मागचा अर्धा भाग आठात नेमका बसत होता. पुढचा अर्धा, नावाचा, बसत नव्हता. 'हेमराज म्हणे' मोजलं तर नऊ होत होत्या. एक मात्रा जास्त. हेमराजने 'हेम्राज' करून पाहिलं, बोलताना आपण तसंच तर म्हणतो. आठ झाल्या. पण मधली थाप पडली ती नेमकी 'ज'वर. बोलताना ज्या 'ज'ला आपण नुसतं ओझरतं टेकवतो, त्याच्यावर सगळा जोर. 'हेम्रा ज! म्हणे.' बापूराव म्हणाले, "असं वाटते का कोणी भांडाले बोलावून राह्यलं तुले."

मग 'हेमू म्हणे' करून पाहिलं, सातच भरल्या. त्यात 'रे' घातला तर नऊ. सूर्य वर आला. मोहबोडीला जायची जीप दारात येऊन उभी राहिली. तरी हेमराज बोटं मुडपतच होता. कधी हेमा, कधी हेमराया. एकदा तर नुसता ढवस.

"जाऊ दे न भाऊ," गुलाब म्हणाला. "लांबवतो मी ठेका तिथी. सांभाळून घेतो."

"नाई. कालही तू सांभाळलंच होतं." हेमराज उठून उभा राहिला. गुलाब खंजेरीच्या चकत्यांतली कोळशाची धूळ पुसत होता. हेमराज त्याच्याकडे बघत म्हणाला, "तूच सांग, गुलाब. तू बोल आता काय करू ते."

तो हे म्हणाला आणि तसाच उभा राहिला. त्याची बोटं आपोआप मुडपली. गु, एक. ला, दोन. ब, एक. बो, दोन. ले, दोन.

गुलाब बोले.

आठ. आणि नुसत्या आठ नाहीत. ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ. अगदी 'कधी न आलो'सारख्या. थाप पडायची तिथे शब्द सुरू आणि मधली थाप 'बोले'च्या 'बो'वर. जणू ही चाल करणाऱ्याने गुलाबचं बारसंही केलं असावं.

क्षणभर हेमराजच्या तोंडाला कडवट चव आली. इतकी वर्षं मनात धरलेली जागा अशी समोर येते, आणि तिथे दुसऱ्याचं नाव चपखल बसतं. त्याने ती ओळ मनातच आणखी एकदा म्हणून पाहिली. काहीच अडलं नाही. मापात खोट असती तर त्याने सोडली असती. खोट नव्हती.

"गुलाब बोले, सुखात राहा," तो मोठ्याने म्हणाला.

"काय?" गुलाब दचकला. "मी काऊन बोलू? मले तं दोन ओळी लिहता येत नाई!"

"तालमीत कोण बोललं, थाप अडून राह्यली म्हणून? तू बोलला. मी नाई ऐकलं."

"पण भजन तुमचं आहे!"

"आहेच की. माह्यं भजन, तुझं नाव. भजनाले जे बसते ते घालायचं."

बापूरावांनी दोघांकडे पाहिलं आणि वादावर पडदा टाकला. "चला, जीपवाला हॉर्न मारून राह्यला."

मोहबोडीला मांडव कालच्यापेक्षा जास्त भरला होता. सोड्याचं भजन पुन्हा होणार ही बातमी गावोगाव गेली होती. चिंचघाटचं नाव पुकारताच शिट्ट्या पडल्या. चैतूने बाटल्यांची नवी पेटी उघडून ठेवली होती.

बापूरावांनी सूर लावला. "मनातले हेऽऽ..." लोक कान टवकारून पुढे झुकले. थाप पडली. "विकार सोडाऽऽ."

शब्द स्वच्छ उतरले. पहिल्या झेलाला थोडी कुजबुज झाली, थोडी निराशाही, विशेषतः मांडवाच्या तोंडाशी. दुसऱ्या झेलाला पुढच्या बाया सोबत म्हणायला लागल्या. चाल त्यांची होतीच, आता शब्दही आपोआप तोंडात बसत होते, शिकावे लागत नव्हते. 'बळाविना रे'ला मागून कोणी तरी ओरडलं, "आज बाळ नाई का भाऊ?" बापूरावांनी गाता गाताच त्याला बोट दाखवलं आणि मांडव हसला, पण हसत हसत गात राहिला. शेवटची ओळ आली तोवर सगळा मांडव एका आवाजात होता. गुलाब बोले, सुखात राहा. गुलाब बोले, सुखात राहा.

गुलाब खाली मान घालून वाजवत होता. त्याचे कान लाल झाले होते.

पहिला नंबर वरोऱ्याच्या एका मंडळाला गेला. चिंचघाटला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पितळी टाळांची एक जोडी. ती हेमराजकडेच आली, कारण टाळ तोच वाजवायचा. परतताना जीपमध्ये तो नवे टाळ मांडीवर घेऊन बसला होता. आज सोबत आलेल्या रंभाने त्याला कोपराने ढोसलं.

"वाईट वाटून राह्यलं का?"

"थोडंसं," तो म्हणाला. मग काही वेळाने, "पण ओळ चांगली आहे न?"

"लई चांगली आहे."

पुढे झालं ते मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते भजन आसपासच्या गावांत पसरलं. गुलाबची थोरली लेक भामरागडला दवाखान्यात नर्स आहे. पावसाळ्यात तिकडचा रस्ता महिना-महिना बंद असतो. रस्ता उघडल्यावर ती गावी आली तेव्हा तिने मोबाइलवर दाखवलं. तिकडच्या एका मंडळाने तेच भजन म्हटलं होतं, मधल्या दोन ओळी विसरून स्वतःच्या घातल्या होत्या, पण शेवटी गुलाब तसाच बोलत होता. लोक गुलाबला आता कवी म्हणायला लागले. कोणी लग्नासाठी भजन मागायला यायचं, कोणी नव्या घराच्या वास्तूसाठी. गुलाब बिचारा खाणीतून थकून यायचा, पाहुण्याला पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "देतो, चार दिवसांनी या." मग खंजेरी काखोटीला मारून हेमराजच्या ओसरीवर यायचा.

"भाऊ, पुन्हा एक आलं गा. मुलाचं बारसं आहे. नाव ठेवलं अश्वजित."

"अश्वजित?" हेमराज बोटं मुडपायचा. "अश्व, इथी पहिलं अक्षर जड आहे, जोडाक्षराचा जोर त्याच्यावर येते. दोन. मंग एक, एक, एक. रंभे, दगड आण बरं!"

"चिंच तं सरली," रंभा आतून म्हणायची.

"असू दे. रिकामाच ठोक."

आणि तिघं ओसरीवर बसून आधी ती ओळ नुसती बोलून बघायचे, हळू, जसं आपण शेजाऱ्याशी बोलतो तसं.